एम्बसीच्या ड्रायव्हरवर केस होते का?

प्रश्न: दिल्लीहून आलेल्या एम्बसीच्या गाडीने इंदूरला एकाला उडवलं, तर पोलीस ड्रायव्हरवर खटला चालवू शकतात का?

बऱ्याचदा हो. निळी सीडी नंबर प्लेट बघून लोकांना वाटतं की आता काहीच होणार नाही, पण प्लेट गाडीची असते, ड्रायव्हरची नाही. १९६१च्या व्हिएन्ना करारात ड्रायव्हर हा सहसा सर्व्हिस स्टाफमध्ये येतो, आणि त्याला राजदूतासारखं पूर्ण कवच नसतं, फक्त ड्युटीवर केलेल्या कामापुरतं असतं.

म्हणजे समजा तो एम्बसी ज्या देशाची त्याच देशाचा माणूस आहे, साहेबाला पलासियाच्या हॉटेलात सोडायला जाताना ठोकलं तर खटला अडतो, मग परराष्ट्र मंत्रालय त्यांच्या सरकारला कवच काढायला सांगू शकतं, आणि ते त्यांनी स्पष्ट शब्दांत काढावं लागतं. पण साहेबाला सोडून हा रात्री एकटाच सराफ्यात गराडू खायला निघाला आणि तेव्हा ठोकलं, तर ती ड्युटी कसली? सरळ केस लागते. आणि ड्रायव्हर भारतीयच असेल (बहुतेकदा असतो) तर भारत सरकार देईल तेवढंच कवच.

गाडी मात्र जप्त करता येत नाही, आतली झडतीसुद्धा नाही. नुकसानभरपाईसाठी आधी विमा कंपनी गाठा.