नुसतं ‘ओके’ आलं म्हणजे काहीच ठरलं नाही

"लातूरच्या एका डाळ मिलची वेबसाइट करतोय, निम्मं काम झालंय. मालकांना प्रोग्रेसचा मेल टाकायचाय, त्यांच्याकडून सात-आठ गोष्टी ठरायच्यात. मागच्या मेलला नुसतं 'ओके' आलं. आता कसा लिहू?"

हे 'ओके' चांगलं ओळखतो मी भाऊ. चार वर्षाखाली जालन्यात एका बियाणेवाल्यांची साइट करत होतो, अर्ध्यात मेल टाकला, आधी वीस ओळी काय काय केलं त्याच्या, अन् पार खाली नवव्या नंबरला 'डोमेनचं तेवढं बघून सांगा'. शेठ मोबाईलवर वाचणार, तेवढं खाली कोण जातंय. ओके आलं, मी खूश.

साइट चालू करायच्या आठवड्यात कळलं की डोमेन जुन्या साइटवाल्याच्या खात्यात, त्याच्याच नावावर. तो फोनच उचलंना, उचलला की 'उद्या बघतो'. दीड महिना गेला. शेवटी त्यानं नेमसर्व्हर बदलून दिले, पण MX रेकॉर्ड नव्या जागी टाकायचे मी विसरलो (ही चूक माझी), अन् दोन दिवस शेठला डीलरचे मेलच येईनात. मग शिव्या मी खाल्ल्या, त्यानं नाही. नुसती साइट हलवायची असेल तर A रेकॉर्ड बदलला तरी भागतं, नेमसर्व्हरला हात लावू नका.

तेव्हापासून काय झालं ते दोन ओळीत, अन् एका मेलमधे जास्तीत जास्त तीन निर्णय, तेही वरच. रंग-फोटो नंतर. असं काहीतरी:

"शेठ, होम पेज अन् डाळींची पानं तयार आहेत, लिंक खाली आहे. शुक्रवारपर्यंत दोन गोष्टी हव्यात.
१. डोमेनचं लॉगिन कुणाकडं आहे? नाव-नंबर द्या. ते तुमच्या नावावर करून घ्यावं असं माझं मत. लॉगिन मिळाल्याशिवाय साइट चालू करता येणार नाही.
२. साइटवर पैसे घ्यायचे की नुसती चौकशी? माझं मत, सध्या चौकशीचं बटण. उत्तर नाही आलं तर तेच धरून पुढं जातो."

'उत्तर नाही आलं तर' ही ओळ फक्त मागं फिरवता येणाऱ्या गोष्टीला लावा. डोमेन, खर्च, मालाबद्दलचे दावे याला कधीच नाही, तिथं थांबलेलं बरं. अन् पैसे घ्यायचे म्हणाले तर गेटवेला पॅन, बँकेचे कागद लागतात, साइटवर अटी अन् रिफंडचं पान पण बघतात, त्यात दिवस जातात. म्हणून हा प्रश्न शेवटी ठेवू नका.

माझे सगळे क्लायंट छोटे, कंपनीवाल्यांचं वेगळं असेल. पण मेल टाकला की संध्याकाळी, मिल बंद झाल्यावर, फोन करून फक्त पहिल्या नंबरचा प्रश्न विचारा, अन् जे बोलले ते लगेच त्याच मेलवर 'फोनवर ठरल्याप्रमाणे' म्हणून टाकून ठेवा. त्यावर 'ओके' आलं तर चालतंय.