फ्रँकफर्टहून म्युनिकला जायचं तर व्हिसा कशाला?

प्रश्न: आईबाबांचं तिकीट मुंबई–फ्रँकफर्ट–म्युनिक–शिकागो–इंडियानापोलिस असं काढलंय. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. विमानतळाबाहेर पडायचंच नाही, तरी एजंट म्हणतो जर्मनीचा व्हिसा लागेल. माझ्या मित्राचे आईवडील फ्रँकफर्टमार्गेच गेले, त्यांना काहीच लागलं नाही. असं कसं?

उत्तर:

एजंट बरोबर सांगतोय, आणि तुमच्या मित्राचंही खरं आहे. मी बरीच वर्षं मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरला काम केलंय. नेमकं असंच तिकीट घेऊन आलेल्या लोकांना परत पाठवण्याची वेळ माझ्यावर आली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मित्राचे आईवडील बहुधा मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो असे गेले असणार. ते फ्रँकफर्टला युरोपबाहेरून आले आणि युरोपबाहेरच निघून गेले. अशा प्रवाशांसाठी विमानतळावर ट्रान्झिट एरिया असतो. तिथे सुरक्षा तपासणी होते, पण पासपोर्टची खिडकी लागत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते जर्मनीत शिरलेच नाहीत. या ट्रान्झिट एरियात थांबण्यासाठीही काही देशांच्या नागरिकांना एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागतो, मात्र अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते.

तुमच्या तिकिटात मधे एक तुकडा जास्त आहे, फ्रँकफर्ट ते म्युनिक. हे विमान मुंबई–नागपूर विमानासारखं देशांतर्गत. त्याच्या गेटवर पोचायचं तर आधी जर्मनीत कायदेशीर प्रवेश झालेला असावा लागतो. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणारे युरोपातले देश. त्यांचा सीमा नियम असा की, बाहेरून आलेला प्रवासी पुढे शेंगेनमधल्याच दुसऱ्या विमानतळावर जाणार असेल, तर प्रवेशाची तपासणी तो पहिल्यांदा जिथे उतरतो तिथे होते, आणि बाहेर पडण्याची तपासणी शेवटच्या विमानतळावर. म्हणजे आईबाबा फ्रँकफर्टला युरोपात शिरणार आणि म्युनिकला बाहेर पडणार. मधले दोन-तीन तास ते विमानात आणि गेटजवळच असतील, तरी कागदावर ते युरोपात राहून आलेले प्रवासी. अमेरिकेच्या व्हिसामुळे मिळणारी सूट ट्रान्झिट एरियापुरतीच असते. ही खिडकी ओलांडायला ती चालत नाही, खरा शेंगेन व्हिसा लागतो.

फ्रँकफर्टची इमारत पाहिली की हे पटकन समजतं. टर्मिनल 1 मध्ये ए आणि झेड ही गेट्स एकाच लांब इमारतीत, एकावर एक आहेत. ए गेट्सवरून शेंगेनमधली विमानं सुटतात, वरच्या मजल्यावरच्या झेड गेट्सवरून बाहेरची. बाहेर उभी विमानं त्याच रांगेत, पण प्रवाशाला एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायचं तर वाटेत पासपोर्ट तपासणी. देशाची सीमा त्या इमारतीच्या मधूनच जाते.

इथे शहरांच्या नावांनी फसायला होतं. मुंबई–झुरिक–फ्रँकफर्ट–शिकागो असं तिकीट असेल तर लोकांना वाटतं, देश दोन आहेत, म्हणजे दोन्हीकडे ट्रान्झिट. पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे अडचण तीच. उलट मुंबई–लंडन–फ्रँकफर्ट–शिकागो असेल तर शेंगेनमध्ये पाय फक्त फ्रँकफर्टला पडतो, त्यामुळे तिथे शेंगेन प्रवेश होत नाही. लंडनचे ट्रान्झिट नियम मग वेगळे बघायचे. तिकिटावर एवढंच शोधा: दोन शेंगेन विमानतळ एकापाठोपाठ आलेत का?

मला आठवणारं जोडपं साताऱ्याकडचं होतं, मुलीच्या बाळंतपणाला निघालेलं. त्यांचा मार्गही असाच, जर्मनीत दोन विमानतळांचा. तिकीट एका संकेतस्थळावरून स्वस्तात काढलेलं, आणि ते घेताना कुणी व्हिसाचं विचारलंच नव्हतं. काउंटरवर आम्ही पासपोर्ट आणि मार्ग टिमॅटिक नावाच्या प्रणालीत तपासतो. उत्तर आलं, शेंगेन व्हिसाशिवाय बसवू नका. कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणावंही लागतं, म्हणून हा निकाल फ्रँकफर्टला नाही, मुंबईतच लागतो. बॅगांमध्ये मेथीचे आणि डिंकाचे लाडू होते. काकू बराच वेळ त्या बॅगांवर हात ठेवून बसल्या होत्या. ते मला अजून विसरता येत नाही.

तुमच्याकडे वेळ आहे, तेव्हा आजच विमान कंपनीला किंवा एजंटला सांगून मधला म्युनिकचा टप्पा काढून टाका आणि फ्रँकफर्टहून थेट शिकागो घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी माझं मत हेच. शेंगेन व्हिसा काढायचा म्हटलं तर प्रत्येकी 90 युरो फी, त्यावर सेवाशुल्क, बोटांचे ठसे, प्रवास विमा, आणि निर्णयाला साधारण 15 दिवस. शिवाय परतीचा मार्गही असाच असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, किमान दोन प्रवेशांचा लागतो. हे बऱ्याच जणांना परतीच्या वेळी कळतं.

तिकीट बदललं तरी एक गोष्ट आईबाबांना नीट सांगून ठेवा. फ्रँकफर्टचं पुढचं विमान चुकलं तर कंपनी त्यांना दुसऱ्या मार्गाने बसवून देईल, आणि तो मार्ग म्युनिक किंवा झुरिकवरूनही असू शकतो. तेव्हा काउंटरवर आधी म्हणायचं, ‘नो शेंगेन व्हिसा’. कागदावर इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्ये ठेवलंत तर उत्तम. रात्रीचं हॉटेल देऊ केलं तरी व्हिसाशिवाय तिथे जाता येत नाही, रात्र ट्रान्झिट एरियातच काढावी लागते. म्हणून औषधं आणि एक शाल हातातल्या पिशवीत हवी.

सगळी उड्डाणं एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं असतील तर बॅग पुढे आपोआप जाईलच असं नाही, आणि बॅग घ्यायला बाहेर यायचं म्हणजे परत इमिग्रेशन.

शिकागोला मात्र इमिग्रेशन चुकत नाही. अमेरिकेत युरोपसारखा ट्रान्झिट एरियाच नाही, पुढे कुठेही जायचं असो, पहिल्या विमानतळावर प्रवेश घ्यावाच लागतो. बॅगेच्या टॅगवर इंडियानापोलिसचा कोड `IND` असेल (तो भारताचा नाही, आईबाबांना आधीच सांगा), तरीही शिकागोला बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि बाहेर पडल्यावर लगेच असलेल्या काउंटरवर परत द्यायच्या. तिथे ही विमानं टर्मिनल 5 ला येतात. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर मधे छोटी ट्रेन घ्यायची आणि सुरक्षा तपासणी पुन्हा करायची. या सगळ्याला मी तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवणार नाही. व्हीलचेअर मागितली असेल तर मदतनीस सोबत असतो, त्यामुळे वाट चुकत नाही. ती तिकीट काढतानाच नोंदवा.