दाढेची सूज, बाबांची गुठळी

दाढ काढल्यावर म्हापशाच्या डॉक्टरांनी सुजेसाठी सेराटिओपेप्टिडेज हे एन्झाइम दिलंय. ते पोटात टिकतं का? बाबांच्या पायातल्या रक्ताच्या गुठळीला नॅटोकायनेज, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनमधलं एन्झाइम, चालेल?

टिकतं, पण जेमतेम. जठराच्या आम्लात हे प्रथिन मोडतं, म्हणून गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं. गोळी चावलीत की संपलं. पुढे रक्तात पोचतो तो किंचित अंश. जपानमध्ये प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना केली तेव्हा फरकच दिसला नाही, आणि २०११ मध्ये मूळ कंपनीने औषध मागे घेतलं. दाढेची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते, मग आपोआप उतरते. श्रेय मात्र गोळीला! (सोबत एसिक्लोफेनॅक हे सूज-वेदना कमी करणारं औषध असेल, तर काम तेच करतंय.)

बाबांना नॅटोकायनेज देऊ नका. परीक्षानळीत ते गुठळीचं जाळं बनवणारं फायब्रिन विरघळवतं, पण पोटातून घेऊन पायातली गुठळी विरघळते असा भरवशाचा पुरावा नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.