तीस वर्षांचा रोखा आणि चार वर्षांनी लागणारे पैसे

प्रश्न: ताई, मुलीच्या एम.एस.साठी चार वर्षांनी १० लाख रुपये लागतील. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवरून तीस वर्षांचा सरकारी रोखा घेऊ का? ऐकलं की यील्ड, म्हणजे बाजारभावाने रोख्यावर मिळणारा वार्षिक परतावा, उतरली तर जेवढा फायदा होतो, तेवढा तोटा ती चढल्यावर होत नाही. मग धोका कसला?

उत्तर: ऐकलंत ते खरं आहे. ७ टक्के व्याजाचा, दर सहा महिन्यांनी व्याज देणारा तीस वर्षांचा रोखा १०० रुपयांना घेतला असं धरू. यील्ड लगेच ६ टक्क्यांवर आली तर त्याची किंमत सुमारे ११३.८४ होते, ८ वर गेली तर ८८.६९. म्हणजे १० लाखांवर एकीकडे १.३८ लाखांचा फायदा, दुसरीकडे १.१३ लाखांचा तोटा.

हा फरक कुठून येतो ते अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने मोजलं की दिसतं. उतरताना पहिल्या अर्ध्या टक्क्याला किंमत ६.५६ रुपयांनी वाढते, दुसऱ्याला ७.२८ रुपयांनी. चढताना आधी ५.९३ रुपये जातात, मग ५.३८. यील्ड उतरत गेली की लांबच्या हप्त्यांचं आजचं मोल फुगत जातं, त्यामुळे किंमत यील्डच्या प्रत्येक पुढच्या हालचालीला जास्त हलते. यील्ड चढली की ते हप्ते आक्रसतात आणि पुढचा धक्का सौम्य बसतो. तीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचं आजचं मोल ७ टक्क्यांनी १२.६९ रुपये, ६ ने १६.९७ आणि ८ ने ९.५१. फायद्या-तोट्यातल्या या असमानतेलाच कन्व्हेक्सिटी म्हणतात. दहा वर्षांच्या रोख्यात ती फारच किरकोळ: यील्ड तशीच एक टक्क्याने हलली तर फायदा ७.४४ रुपये, तोटा ६.८०.

पण तोटा फायद्यापेक्षा कमी असला तरी तो तोटाच. चार वर्षांनी विकायला जाल तेव्हा तुमच्या हातात सव्वीस वर्षं उरलेला रोखा असेल. तेव्हा यील्ड ८ टक्के असली तर किंमत ८९ रुपयांच्या आसपास, म्हणजे मुद्दलातून लाखभर गेले. मधलं व्याज मिळालेलं असेल, पण कॉलेजची फी यील्ड उतरायची वाट बघत नाही. दर चढतात तेव्हा झपाट्याने चढतात: मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. शिवाय कन्व्हेक्सिटी फुकट नसते. मोठे खरेदीदारही हेच गणित मांडतात, त्यामुळे तिची किंमत बरीचशी आधीच यील्डमध्ये धरलेली असते. यील्ड जागेवरच राहिली तर तिच्यातून काहीच हाती लागत नाही.

म्हणून हे १० लाख चार वर्षांत मुदत संपणाऱ्या सरकारी रोख्यात ठेवा, किंवा चांगल्या बँकेच्या मुदत ठेवीत. रोख्याची मुदत फीच्या तारखेआधी संपते ना, एवढं बघा; मग मधल्या काळात यील्ड कुठेही जावो, दर्शनी किंमत पूर्ण मिळते. तीस वर्षांचा रोखा घ्यायचाच असेल, तर निवृत्तीसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून घ्या. आणि कोणी कॉल ऑप्शन असलेला बँकेचा रोखा पुढे केला, तर तिथे हे गणित उलटं चालू शकतं. यील्ड उतरली की बँक तो परत घेऊ शकते, त्यामुळे किंमत फारशी वर जात नाही. यील्ड चढल्यावरचा तोटा मात्र तुमचाच.