फोटो कुणी काढला, ते आईला विचार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आईच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात तिनं करायच्या भाषणाची तू पाठवलेली तीन पानं काल रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर परत वाचली. चौतीस स्लाइड, चौतीस ओळी, आणि दर दोन ओळींनंतर ‘त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे’. खाली तू लिहिलंस, ‘सर, सगळं आलंय, तरी आईचं भाषण वाटत नाही.’ तुझा कान शाबूत आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. नाहीतर ‘छान झालंय’ म्हणून मोकळा झालो असतो.

त्या ओळी आईच्या नाहीतच गं. त्या तिच्या सहकाऱ्यांनी निरोपाच्या स्लाइडवर, फोटोंखाली, तिच्याबद्दल लिहिल्या. ‘2005 : बाईंच्या अथक प्रयत्नांतून दोन नवीन वर्गखोल्या.’ दुसऱ्यानं म्हटलं तर हे कौतुक. तीच ओळ आईच्या तोंडी घातली की ‘माझ्या अथक प्रयत्नांतून’ होते. तुलाही ते खटकलं, म्हणून तू ‘माझ्या अल्पशा प्रयत्नांतून’ केलंस. ते तर त्याहून वाईट. अथक काय आणि अल्पसे काय, वाक्यात ‘मी’ तिथंच बसलाय. त्याला उठव आणि त्या खुर्चीत दुसरा माणूस बसव. खोल्या कुणी बांधल्या? जागा कुणी दिली? स्लॅबच्या दिवशी पाऊस आला तेव्हा ताडपत्र्या कुणाच्या घरातून आल्या? आभार वर्षाचे मानत नाहीत, योजनेचे मानत नाहीत, माणसाचे मानतात. आणि तो माणूस बहुतेक वेळा फोटोत नसतो.

ही एकच गोष्ट मी तुला पुन:पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. फोटोबाहेरचा माणूस आण.

हे मला कुणी शिकवलं नाही, चुकून कळलं. माझ्या निरोपाला अशीच चित्रफीत होती, चाळीसेक फोटो. भाषण मुलानं टाइप करून दिलं, वर्षवार, आणि मी ते खड्या आवाजात वाचलं. सूत्रसंचालनात हयात गेलेला माणूस मी, माइकची भीती नाही. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि टॉवेल. माझ्या पहिल्या नोकरीच्या गावात अकरा वर्षं दुपारची भाकरी मी त्यांच्या घरी खाल्ली होती. एकही फोटो त्यांच्या घरातला नव्हता. भाकरी खाताना फोटो कोण काढतो? फोटो नाही म्हणून ओळ नाही, आणि ओळ नाही म्हणून नाव नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी नारळ हातात दिला आणि विचारलं, ‘सर, जेवलासा काय?’

आता तू म्हणशील, नंतर जाऊन सांगायचं की. गेलो होतो. पण घरात मानलेले आभार आणि गावासमोर मानलेले आभार यांत फरक असतो. शिवाय फोटो मी निवडले नव्हते, वेळ दहाच मिनिटं दिली होती, समोर अध्यक्ष घड्याळ बघत होते. असो. ही कारणं खरी आहेत, पण नारळ घेताना त्यातलं एकही सुचलं नव्हतं.

आता कामाचं. स्लाइडवरच्या ओळी एका कागदावर हातानं उतरव. कॉम्प्युटरच्या आउटलाइनमधून उचलायला जाऊ नको; फोटोवर वेगळी चौकट टाकून लिहिलेला मजकूर तिथं दिसतच नाही, आणि अर्ध्या ओळी गळतात. कागदाची उजवी बाजू मोकळी ठेव. मग आईला घेऊन बस. ‘ह्या वर्षी काय झालं?’ असं विचारू नको, ती सर्व्हिस रजिस्टर वाचून दाखवेल. प्रत्येक फोटोला तीनच प्रश्न. फोटो कुणी काढला? फोटोच्या आधी तिथं काय चाललं होतं? आणि कोण असायला हवं होतं, पण दिसत नाही? उत्तर येईल ते उजवीकडे लिही, तिच्याच शब्दांत. चौतीसांपैकी पंचवीस फोटोंना ती ‘आठवत नाही’ म्हणेल. चांगलंच आहे, तेवढं भाषण कमी झालं.

तिसऱ्या स्लाइडचं उदाहरण घे. ‘1991 : शासकीय सेवेत रुजू, कणकुंबी भाग.’ परवा फोनवर मी सहज आईला तुझ्याआधीच विचारलं, रागावू नको. फोटोत ती शाळेच्या पायरीवर उभी आहे, पदर ओला. मी विचारलं, ओली कशी? म्हणाली, जुलैत साकव बुडायचा, पलीकडच्या घरातले एक म्हातारे काठी घेऊन रोज पुढं चालायचे आणि ती त्यांच्या मागून. पहिल्या पावसाळ्यात एक दिवसही खाडा झाला नाही, तो त्यांच्यामुळं. तुझ्या मसुद्यात ह्या स्लाइडचं वाक्य होतं : ‘1991 साली दुर्गम भागात मी सेवेस प्रारंभ केला, त्याबद्दल शासनाची ऋणी आहे.’ आता हे बघ :

‘पडद्यावर तुम्ही मला पायरीवर उभी बघितली. त्या पायरीपर्यंत मला आणलं ते साकवापलीकडच्या आजोबांनी. ते पुढं काठी टेकायचे, मी त्याच जागी पाय ठेवायचे. त्यांचा नातू आज इथं बसलाय. बाळा, तुझ्या आजोबांमुळं माझी हजेरी पूर्ण भरली.’

साल गेलं, दुर्गम गेलं, शासन गेलं. आणि ऐकणाऱ्याला पाऊस दिसला. पण एक सांभाळ. आजोबा आता नाहीत, हे विचारलं म्हणून कळलं. ज्यांची ज्यांची नावं घेणार त्यांची खात्री कर, नाहीतर आई हसत हसत आभार मानेल आणि कुणाची तरी सून डोळे पुसेल.

अकराव्या स्लाइडलाही तेच कर. ‘2003 : बिसीऊट योजनेची यशस्वी अंमलबजावणी.’ आपल्या कर्नाटकातली शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना ती, पण अंमलबजावणीला हात नसतात. पहाटे चूल पेटवणाऱ्या मावशींना असतात. तांदूळ वेळेवर आला नाही त्या दिवशी त्यांनी काय केलं, ते आईला विचार. मी सांगत नाही, तूच ऐक.

पुरस्काराची स्लाइड सोडून दे. होय, सोड. लोकांनी ती बघितली, टाळ्या वाजवल्या, झालं. भाषणात ती आली की आई स्वतःसाठी दुसऱ्यांदा टाळ्या मागतेय असं होतं. जन्मतारखेचीही सोड. ‘1 जून’ बघून मला हसू आलं. आपल्याकडं निम्मे मास्तर 1 जूनलाच जन्मलेत, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख ती. स्लाइडवर ‘साठाव्या वाढदिवशी निवृत्त’ लिहिलंय ते मात्र बदलायला सांग. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीला, म्हणजे 31 मेलाच सेवा संपते. शिक्षणखात्याचे साहेब समोर बसणार आहेत.

सालांचंही असंच. बदलीचा हुकूम एका वर्षाचा आणि हजर झाल्याची तारीख पुढच्या वर्षाची, असं होतं. सातव्या स्लाइडवर 1999 आहे आणि आई 1996 म्हणते. जुना कागद कन्नडमध्ये असेल तर अंक नीट बघ. कन्नड सहा आणि नऊ यांची शेपटं हाताच्या लिखाणात फसवतात, मीसुद्धा फसलोय. दुरुस्ती कार्यक्रमाआधी, स्लाइड करणाऱ्या सरांना एकटं गाठून सांग. माइकवरून नव्हे. त्यांनी रात्री जागून ते केलंय.

म्हणजे चौतीसमधून चार उरतील, फार तर पाच. क्रमही स्लाइडचा नको, लोकांनी तो आत्ताच बघितलाय. साकवावरून सुरू कर आणि सगळ्यात अलीकडच्या माणसापाशी थांब, किंवा उलटं. पाच मिनिटं पुरेत. मोठ्या अक्षरातलं एक पान आईच्या चालीनं दोन मिनिटं घेतं, म्हणजे अडीच पानं. घड्याळ लावून तिला मोठ्यानं वाचायला लाव. जिथं गळा दाटेल तिथं वाक्य तोडून दोन छोटी कर. लांब वाक्यात अडकली तर परत सूर सापडत नाही.

मान्यवरांचं काय, हा तुझा प्रश्न. गटशिक्षणाधिकारी म्हणजे बीईओ साहेब, केंद्राचे सीआरपी, शाळा समितीचे म्हणजे एसडीएमसीचे अध्यक्ष, सगळे एका दमात, सुरुवातीलाच, हुद्द्यासकट. तिथं कसब दाखवू नको. साहेब कन्नड बोलणारे आहेत, तर पहिलं वाक्य कन्नडमधून असू दे : ‘एल्लरिगू नमस्कार.’ आणि शाळेतल्या कन्नडच्या बाईंचे आभार तर त्यांच्याच भाषेत मान. आईला येतं की, बाजारात फर्डं बोलते. मात्र अख्खा परिच्छेद कन्नडमध्ये लिहून देऊ नको. वाचताना अडखळली की आभाराचा पाठ होतो. एकच वाक्य, रोज बोलते तसं : ‘नीवु माडिद सहाय मरेयंगिल्ल, बाई.’ म्हणजे, तुम्ही केलेली मदत विसरणार नाही.

बोलताना मागं स्लाइड चालू ठेवायच्या, ही तुझी कल्पना मला बिलकूल पसंत नाही. लोक पडद्याकडं बघतात, आई पाठीमागं वळून बघते, आणि बोलणं तिसऱ्या फोटोवर असताना चित्र नवव्यावर पोचतं. तिथं लॅपटॉपवर बसणाऱ्या पोराला सांग : शो चालू असताना `B` दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की चित्र परत येतं. व्हिडिओ करून आणला असेल तर हे चालत नाही, प्रोजेक्टरच बंद करायचा.

घरच्यांचे आभार शेवटी, एका ओळीत. तुझ्या बाबांचं नाव येईल तिथं विशेषण नको. चौतीसांत त्यांचा एकच फोटो आहे, तोही अर्धा कापलेला. बाकीच्या फोटोंत ते का नाहीत, हे तुला एव्हाना कळलं असेल. कॅमेरा कुणाच्या हातात होता?

नवीन मसुदा रविवारपर्यंत पाठव. फोन केलास तर रात्री नऊच्या आत कर. आणि नवव्या स्लाइडवर आईच्या हातात जी निळी छत्री आहे, ती तिची नाही, पुरुषाची आहे. कुणाची ते विचारून मला कळव.

तुझा,
सर