लॉक-इनच्या आत घर सोडलं तर डिपॉझिट किती कापलं जातं?

पहिल्यांदाच भाड्याने घर घेतोय. करार 11 महिन्यांचा, लॉक-इन 6 महिने, नोटीस 1 महिना, डिपॉझिट 3 महिन्यांच्या भाड्याएवढं. मध्येच सोडावं लागलं तर पैसे बुडतात का?

सगळे बुडतातच असं नाही, करारात काय लिहिलंय त्यावर ते ठरतं. लॉक-इन म्हणजे किमान राहायची ठरलेली मुदत. त्यातही घर सोडता येतं, पण भाड्यातून सुटका होत नाही. डिपॉझिट हे तुमचेच पैसे, मालकाकडे तारण म्हणून ठेवलेले. खरी गोम आहे ती या दोघांना जोडणाऱ्या कलमात.

समजा चार महिने पूर्ण होताच घर सोडावं लागलं. 'लॉक-इनचं उरलेलं भाडं द्यावं लागेल' असं लिहिलं असेल, तर 2 महिन्यांचं भाडं कापून 1 महिन्याचं परत मिळेल. 'डिपॉझिट जप्त होईल' असं असेल, तर तिन्ही महिन्यांचं गेलं. पाच महिने राहून निघालात तर पहिल्या कलमाने 1 जातो, दुसऱ्याने तरीही 3. म्हणून 'जप्त' हा शब्द काढायला सांगा. त्याजागी 'लॉक-इनच्या उरलेल्या भाड्यापुरतीच कपात. नवा भाडेकरू आला तर त्या दिवसापासून कपात नाही' असं लिहून घ्या. बरेच मालक याला तयार होतात, कारण त्यांना घर रिकामं राहण्याची भीती असते.

नोटिशीचं वाक्यही नीट वाचा. 'लॉक-इन संपल्यावर 1 महिन्याची नोटीस' म्हणजे प्रत्यक्षात 7 महिने अडकलात. नोटीस सहाव्या महिन्यातच देता येईल, असं स्पष्ट हवं. आणि लॉक-इन दोघांनाही लागू आहे ना? कित्येक छापील मसुद्यांत तो फक्त भाडेकरूला असतो, मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामं करायला सांगू शकतो.

लॉक-इन पूर्ण करूनही भांडण होतं ते रंगावरून आणि किरकोळ दुरुस्तीवरून. वापराने फिका पडलेला रंग ही झीज. फुटलेलं बेसिन हे नुकसान. कपात नुकसानाचीच, तीही बिल दाखवून, असं करारात असू द्या. (काही करारांत रंगकामाची ठरावीक रक्कम आधीच लिहिलेली असते. ती मान्य नसेल तर सहीआधीच बोला.) सामान लावण्याआधी प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतीवरच्या ओलीचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग टिपा आणि ते सगळं त्याच दिवशी मालकाला पाठवा. आठवड्याने पाठवलेल्या फोटोवर 'हे तुम्हीच केलं' असं म्हणायला जागा राहते.

डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि परतीची तारीख लिहून घ्या. 'चावी देताना' हे उत्तम. 'हिशेब झाल्यावर' याला मुदतच नसते. शेवटचं भाडं डिपॉझिटमधून परस्पर वळतं करू नका. करारात तशी सोय नसेल तर ती थकबाकी धरली जाते.