पाणीकपात म्हणजे पाणी बंद नव्हे

प्रश्न: सोसायटीच्या नोटिशीत 'पाणीकपात' आणि 'सभासदांनी वाहने नेमून दिलेल्या जागीच लावावीत' असं आहे. नव्या भाडेकरूंसाठी इंग्रजी करायचंय. 'वॉटर कट' आणि 'मेंबर्स' चालेल ना?

दोन्ही नको. पुढे आकडा असला तर 'टेन पर्सेंट वॉटर कट' कळतं. ५ जून २०२४पासून मुंबईत १० टक्के कपात लागू झाली ती तशीच. आकडा गाळला की परगावचा भाडेकरू नळ कोरडे समजून टँकरची चौकशी करू लागतो. अलीकडे मराठी माणूसही 'उद्या पूर्ण पाणीकपात' म्हणतो! पूर्ण कपात कसली? पगारातून कपात झाली तरी उरलेला पगार हातात पडतोच.

आणि 'कपात' इंग्रजी 'कट'वरून आली असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जरा कोश उघडावा. 'कापणे'च्या मागे प्राकृत 'कप्प' आणि त्यामागे संस्कृत 'क्लृप्'. म्हणजे 'कल्पना' आणि 'कपात' एकाच घरातल्या! आधी अर्थ बेतणं, नीटनेटकं करणं. त्यातून छाटून नीट करणं. मनुस्मृतीतला 'क्लृप्तकेशनखश्मश्रु' म्हणजे केस, नखं, दाढी कापलेला. संस्कृत कोशांत 'कल्पक' हा चक्क न्हावी आहे आणि 'कल्पनी' ही कात्री. शेवटच्या 'आत'बद्दल माझा कयास असा, की शब्द गुजराती व्यापाऱ्यांच्या हिशेबातून आपल्याकडे आला. तिकडेही 'कपात' म्हणजे वजावटच. पटत नसेल तर त्या प्रत्ययापुरतं भांडा, धातूवर नको.

असो, नोटीस. 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने होईल' हे पुण्यातलं नेहमीचं वाक्य घ्या. 'लो प्रेशर' लिहिलंत तर भाडेकरूला वाटतं, शॉवरची धार बारीक येणार. दाब कमी असतो तो महापालिकेच्या वाहिनीत. त्यामुळे जमिनीखालची टाकी सावकाश भरते आणि पंप उशिरा लागतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे तोवर नळाची धार रोजच्यासारखीच, मग एकदम ठणठणाट. म्हणून इंग्रजीत दाबाऐवजी नळाची वेळ द्या: 'थर्सडे: नो म्युनिसिपल सप्लाय. टॅप्स विल रन ओन्ली फ्रॉम ६:३० टु ८ एएम. फ्रायडे: टँक्स विल फिल लेट. प्लीज स्टोअर वॉटर फॉर द मॉर्निंग.' वेळ अर्थात तुमच्या पंपवाल्याला विचारून घाला.

पार्किंगचं सोपं आहे. सभासद म्हणजे सहसा घरमालक. 'मेंबर्स' वाचून भाडेकरू म्हणणार, हे आपल्याला नाही. तिथे 'ऑल रेसिडेंट्स' लिहा. पण म्हणून सगळीकडे 'सभासद' खोडू नका. 'सभासदांना जागा नेमून दिली जाईल' या वाक्यात 'मेंबर्स'च हवं, नाहीतर प्रत्येक भाडेकरू स्वतःच्या नावाची जागा मागायला येईल. त्याला मिळते ती मालकाच्या वाट्याची जागा, असलीच तर.